टीव्हीवर नेटफ्लिक्स अडले तर : 'घर' कोणते, पडदे किती आणि कोड कोणाकडे

आपल्याकडची बरीच कुटुंबे आज दोन-तीन ठिकाणी विखुरलेली आहेत. आजी-आजोबा जुन्या घरात, मुलगा-सून नव्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये आणि नातवंडे शिक्षणासाठी पुण्याला. घरपट्टी, वीजबिल वेगवेगळे, पण नेटफ्लिक्सचे खाते मात्र सगळ्यांचे एकच. पूर्वी हे बिनबोभाट चालत असे. २० जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सने भारतातही नियम लागू केला की एक खाते एकाच घरासाठी, म्हणजे एका छताखाली राहणाऱ्या माणसांसाठी आहे. तेव्हापासून एखाद्या संध्याकाळी मालिका लावायला बसावे आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना यावी, असे प्रसंग येतात. सूचना वाचून टीव्ही बिघडला, पासवर्ड चुकला की पैसे भरायचे राहिले, हे घरातल्या ज्येष्ठांना कळत नाही आणि मुलगा कचेरीत असतो.

ही माहिती अशा वेळी हाताशी असावी म्हणून दिली आहे. मुख्य भर नेटफ्लिक्सवर आहे, कारण 'घर' तपासण्याचा प्रकार तिथे सर्वांत स्पष्ट आहे. शेवटी अ‍ॅमेझॉन प्राइमच्या वेगळ्या नियमाबद्दलही लिहिले आहे.

आधी सूचना नीट वाचा

अडवणूक तीन प्रकारची असते आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणून काहीही बटणे दाबण्याआधी पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचावे, शक्य असल्यास मोबाइलवर त्याचा फोटो काढून मुलांना पाठवावा.

पहिला प्रकार पडद्यांचा. खाते खूप उपकरणांवर चालू आहे, म्हणजे "too many devices" किंवा "too many people" असे शब्द दिसले, तर अर्थ इतकाच की या क्षणी तुमच्या प्लॅनमध्ये मिळतात त्यापेक्षा जास्त पडद्यांवर कार्यक्रम सुरू आहे. खाते ठीक आहे, टीव्हीही ठीक आहे. दुसऱ्या कोणी बघणे थांबवले की तुमचे सुरू होते. प्लॅनप्रमाणे एका वेळी मोबाइल आणि बेसिक प्लॅनवर एक, स्टँडर्डवर दोन आणि प्रीमियमवर चार पडदे चालतात. इथे एक गैरसमज नेहमी होतो. खात्यात पाच प्रोफाइल करता येतात, म्हणून पाच जणांना एकाच वेळी बघता येईल असे वाटते. तसे नाही. प्रोफाइल म्हणजे फक्त आपापली वेगळी यादी आणि आवडनिवड. पडदे प्लॅनवर ठरतात.

दुसरा प्रकार घराचा. "isn't part of the Netflix Household for this account" असे वाक्य आले, तर हा टीव्ही किंवा हे उपकरण या खात्याच्या 'घरा'चा भाग नाही असे नेटफ्लिक्स म्हणते आहे. इथे दुसऱ्या कोणी बघणे बंद केले तरी फरक पडत नाही. पासवर्ड बदलूनही फरक पडत नाही.

तिसरा प्रकार साध्या साइन-इनचा. पासवर्ड चुकीचा आहे किंवा पैसे भरण्याची पद्धत बदला, अशी सूचना असेल तर वरच्या दोन्हींशी तिचा संबंध नाही. पासवर्ड विसरला असेल तर मोबाइलवर netflix.com/LoginHelp उघडून नवा करता येतो.

या लेखात पुढे मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे, कारण तिथेच माणूस सर्वाधिक गोंधळतो.

नेटफ्लिक्सला आपले घर कसे कळते

टीव्ही ज्या इंटरनेट जोडणीवर चालतो, ती जोडणी नेटफ्लिक्सच्या लेखी 'घर' असते. त्याच जोडणीवर नेटफ्लिक्स वापरणारे इतर टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप हे आपोआप त्या घराचे भाग ठरतात. हे ठरवताना इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता, उपकरणाची ओळख आणि खात्याचा वापर हे बघितले जाते. जीपीएसने तुमचे ठिकाण शोधले जात नाही, त्यामुळे घराचा पत्ता कुठे भरलेला नसतो आणि बदलायचाही नसतो.

घर फक्त टीव्हीवरून ठरवता येते. तुम्ही स्वतः ठरवले नसेल तर वापर बघून नेटफ्लिक्स ते आपणहून ठरवते. आणि ज्या खात्यावर टीव्ही कधीच जोडलेला नाही, सारे काही मोबाइलवरच बघितले जाते, तिथे घर ठरवण्याची गरजच पडत नाही.

हे समजले की एक कोडे सुटते. कुटुंब एकाच छताखाली असूनही सूचना येते, ती का? कारण नेटफ्लिक्सला छत दिसत नाही, जोडणी दिसते. जुन्या वाड्यात किंवा दुमजली घरात खाली एक ब्रॉडबँड आणि वर थोरल्या भावाचे दुसरे, असे असेल तर नेटफ्लिक्सच्या नजरेत ती दोन घरे असू शकतात. तसेच एखाद्या दिवशी वायफाय बंद पडले म्हणून टीव्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावला आणि तो तसाच राहिला, तर टीव्ही एका जोडणीवर आणि बाकीची उपकरणे दुसऱ्यावर, अशी फाटाफूट होते.

तपासायचे असे: टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क या भागात जाऊन वायफायचे नाव बघा. मोबाइलवर जे नाव दिसते तेच किंवा त्याच राउटरचे नाव तिथे हवे. बऱ्याच राउटरवर एकाच जोडणीची दोन नावे दिसतात, त्यातल्या एकाच्या शेवटी '5G' असते. ती दोन्ही एकाच राउटरची, त्यामुळे चालतात. नाव मोबाइल कंपनीच्या हॉटस्पॉटचे किंवा शेजारच्या मजल्याचे निघाले, तर टीव्ही घरच्या राउटरला जोडा, नेटफ्लिक्स बंद करून पुन्हा उघडा. मोबाइल किंवा लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करा, कारण व्हीपीएनमुळे जोडणी भलत्याच ठिकाणची दिसते. ब्रॉडबँड कंपनी बदलली किंवा घर बदलले असेल, तर घर नव्याने ठरवावे लागेल. त्याची कृती पुढे दिली आहे.

टीव्हीवर करायच्या दोन गोष्टी, आणि त्यांतला फरक

घराची सूचना आल्यावर पडद्यावर साधारणपणे दोन वाटा दिसतात. कोणती निवडायची ते तुम्ही कुठे बसला आहात यावर अवलंबून आहे.

टीव्ही तुमच्या कायमच्या घरातला असेल तर "Update Netflix Household" निवडावे. सूचना आलेली नसतानाही हे करता येते. टीव्हीवर नेटफ्लिक्सच्या होम पडद्यावरून "Get Help" मध्ये जा आणि तिथे "Manage Netflix Household" निवडा. मग "Send Email" किंवा "Send Text" असे पर्याय येतात. त्यातला एक निवडला की खात्यावर नोंदवलेल्या ईमेलवर किंवा मोबाइल नंबरवर एक दुवा येतो. तो मोबाइलवर उघडून, ही मागणी आपलीच आहे असे मान्य करून, घर बदलल्याची खात्री द्यायची. टीव्हीवर तसा निरोप दिसला की काम झाले. या दुव्याची मुदत १५ मिनिटे असते.

पण सावध राहा. हा पर्याय निवडला की घर या टीव्हीच्या जोडणीवर सरकते. आजीच्या टीव्हीवरून घर बदलले तर मुलाच्या फ्लॅटमधला टीव्ही घराबाहेर पडतो आणि दोन दिवसांनी तिथे तीच सूचना उगवते. मग तो परत बदलतो आणि आजीचा अडतो. अनेक कुटुंबांत ही ओढाताण आठवडेच्या आठवडे चालते आणि प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याच्या टीव्हीत दोष आहे.

टीव्ही तात्पुरता असेल, म्हणजे हॉटेलातला, कोकणातल्या किंवा गोव्यातल्या होम-स्टेमधला, किंवा सुट्टीत गेलेल्या नातेवाइकांकडचा, तर "Watch Temporarily" किंवा प्रवासात असल्याचा पर्याय निवडावा. त्यावरून खातेदाराच्या ईमेलवर किंवा मोबाइलवर कोड मिळवण्याची सोय येते. तो कोड टीव्हीवर टाकला की काही काळ बघता येते. या कोडची मुदतही १५ मिनिटांचीच. इथे घर आपल्या जागी राहते, त्यामुळे घरी राहिलेल्यांना त्रास होत नाही. परतताना त्या टीव्हीवरून साइन आउट करायला विसरू नये. विसरलेच तर घरी येऊन netflix.com/account उघडावे, "Devices" मध्ये उपकरणांची यादी आणि ती शेवटी कधी वापरली ते दिसते. त्यातला तो टीव्ही निवडून तेवढाच साइन आउट करता येतो.

प्रवासात मोबाइल घेऊन जाणाऱ्यांसाठी नेटफ्लिक्सचा सल्ला असा आहे की महिन्यातून एकदा तरी त्या मोबाइलवर घरच्या वायफायवर नेटफ्लिक्स उघडावे, आणि दुसऱ्या ठिकाणी पोहोचल्यावर तिथेही एकदा उघडावे. त्यामुळे ते उपकरण घरातलेच आहे हे ओळखणे सोपे जाते. कामानिमित्त दर आठवड्याला येजा करणाऱ्यांना याचा उपयोग होतो.

कोड कोणाकडे येतो

वरच्या दोन्ही कृतींत खरी अडचण १५ मिनिटांची नसून माणसाची असते. कोड खातेदाराकडे येतो, टीव्हीसमोर बसलेल्याकडे नाही. खाते पाच वर्षांपूर्वी मुलाने कॉलेजात असताना उघडलेले असते. त्यावरचा ईमेल त्याचा जुना, मोबाइल नंबर बंद पडलेला. आजोबा टीव्हीवर बटण दाबतात, कोड जातो भलतीकडे, मुलगा मीटिंगमधून बाहेर येऊन बघेपर्यंत मुदत संपते.

म्हणून काही अडण्याआधीच, निवांत वेळी, हे काम करून ठेवावे. खाते उघडून "Account" मध्ये "Security" या भागात नोंदवलेला ईमेल आणि मोबाइल नंबर बघावा. जो माणूस टीव्ही असलेल्या घरात राहतो आणि ज्याच्या हाताशी मोबाइल असतो, त्याचा चालू नंबर तिथे असावा. ईमेलही तो, जो रोज उघडला जातो. मेल आली नाही असे वाटले तर स्पॅममध्ये बघावे. मुदत संपली असेल तर जुना दुवा पुन्हा पुन्हा दाबत बसू नये, टीव्हीवरून नवा मागवावा.

याच ठिकाणी फसवणुकीचाही धोका आहे. तुमचे नेटफ्लिक्स बंद होणार आहे, इथे दाबा आणि कार्डाचा नंबर भरा, अशा खोट्या मेल आणि एसएमएस फिरत असतात. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे, खरा कोड किंवा दुवा तुम्ही टीव्हीवर बटण दाबल्यानंतर येतो. तुम्ही काहीच मागितले नसताना आला, तर तो कोणी तरी दुसऱ्याने तुमच्या खात्यावर मागितला आहे किंवा मेलच खोटी आहे. दोन्ही बाबतींत दाबू नये. शंका असेल तर मेलमधल्या दुव्याऐवजी स्वतः netflix.com उघडून खाते बघावे. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर' नंबरला फोन करू नये, मदत help.netflix.com वरून किंवा अ‍ॅपमधूनच घ्यावी. कोणी फोनवर कोड, ओटीपी किंवा स्क्रीन शेअर करणारे अ‍ॅप मागितले तर फोन ठेवावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

एक उदाहरण : बडोद्याचे कुटुंब, तीन ठिकाणे

समजा, एका कुटुंबाचे आजी-आजोबा बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरी राहतात. मुलगा, सून आणि शाळकरी नातू मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये. थोरली नात पुण्यात कोथरूडला पेइंग गेस्ट म्हणून. खाते मुलाच्या नावावर, प्रीमियम प्लॅन, महिना ६४९ रुपये. मांजलपूरला एक टीव्ही, दांडिया बाजारात दुसरा, नातीकडे मोबाइल. चार पडदे आहेत, म्हणजे सगळ्यांना पुरतील असा हिशेब.

एके दिवशी आजींच्या टीव्हीवर घराची सूचना येते. मुलगा फोनवर सांगतो, "आई, वरचं बटण दाब, मी लिंक उघडतो." वरचे बटण घर बदलण्याचे असते. आजींचे सुरू होते आणि शनिवारी मांजलपूरचा टीव्ही अडतो. मुलगा तिथून घर परत बदलतो. सोमवारी आजींचा फोन येतो, "अरे, परत तेच आलंय बघ."

इथे बिघाड कुठलाच नाही. चार पडदे खरोखर आहेत, पण ते एका घरातले चार पडदे आहेत. दांडिया बाजार आणि मांजलपूर या दोन वेगळ्या जोडण्या, दोन वेगळी कायमची घरे. तात्पुरता कोड मुक्कामापुरता आहे. रोज संध्याकाळी तो मागत बसणे हा इलाज नाही. काही देशांत जादा पैसे भरून घराबाहेरचा सदस्य जोडता येतो. भारतात नियम लागू करताना नेटफ्लिक्सने तो पर्याय दिला नाही, कारण इथले दर आधीच कमी केले होते. म्हणून नियमात बसणारा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे प्रत्येक घराचे वेगळे खाते.

हे ऐकल्यावर पहिली प्रतिक्रिया "म्हणजे तिप्पट खर्च" अशी असते. हिशेब मांडला तर तसे दिसत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातले दर उतरवले, तेव्हाचे महिन्याचे दर असे: मोबाइल १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ रुपये. यात बेसिक सर्वांत जास्त उतरले, ४९९ वरून १९९ वर आले. पैसे भरण्याआधी त्या दिवशीचे दर नेटफ्लिक्सच्या पानावर पाहून घ्यावेत, पण हिशेबाची रीत हीच राहील.

मांजलपूरला बेसिक १९९, दांडिया बाजारात बेसिक १९९, आणि नात फक्त मोबाइलवर बघते म्हणून तिला मोबाइल प्लॅन १४९. एकूण ५४७ रुपये. म्हणजे एका प्रीमियमपेक्षा १०२ रुपये कमी.

या बदल्यात काय सोडावे लागते तेही बघायला हवे. प्रीमियमवर ४के चित्र मिळते, बेसिकवर ७२०पी आणि मोबाइल प्लॅनवर ४८०पी. बत्तीस इंची टीव्हीवर आजींना हा फरक फारसा जाणवणार नाही; मांजलपूरच्या पंचावन्न इंची टीव्हीवर जाणवेल. दुसरे म्हणजे, बेसिकवर एका वेळी एकच पडदा. मांजलपूरला टीव्हीवर सिनेमा चालू असताना नातू मोबाइलवर कार्टून लावू शकणार नाही. हे त्यांना खटकणार असेल तर मांजलपूरला स्टँडर्ड घ्यावे, चित्र १०८०पी आणि दोन पडदे. तेव्हा बेरीज ४९९ अधिक १९९ अधिक १४९, म्हणजे ८४७ होते. हा प्रीमियमपेक्षा जास्त खर्च आहे, तो करायचा की नाही हे घरच्यांनी ठरवावे. मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, ही तिसरी मर्यादा. नातीला पुढे टीव्हीवर बघायचे झाले तर तिला बेसिक घ्यावे लागेल.

आजींची यादी न घालवता खाते वेगळे करणे

वेगळ्या खात्याला ज्येष्ठांचा विरोध बहुधा पैशांसाठी नसतो. अर्धी बघितलेली मालिका, जपून ठेवलेली यादी, सरावाचे झालेले सारे काही जाईल, ही भीती असते. त्यासाठी प्रोफाइल हलवण्याची सोय नेटफ्लिक्सने २०२२ मध्ये आणली.

आधी मुलाने मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये netflix.com/account उघडावे. "Profiles" मध्ये आजींचे प्रोफाइल निवडून "Transfer Profile" हा पर्याय घ्यावा. ही सोय बंद असेल तर आधी चालू करावी लागते. तशी केल्याची मेल खातेदाराला येते. मग नव्या खात्यासाठी ईमेल आणि पासवर्ड द्यायचा. हा ईमेल आजी किंवा आजोबांचा हवा, आणि खात्यावर मोबाइल नंबरही त्यांचाच नोंदवावा. इथे पुन्हा मुलाचा नंबर दिला तर मूळ अडचण जशीच्या तशी नव्या खात्यात जाते. पैसे कोणी भरायचे हा वेगळा प्रश्न. ते मुलगा भरू शकतो.

प्रोफाइलबरोबर पूर्वी काय बघितले, "My List" मधली यादी आणि सुचवण्या नव्या खात्यात जातात. जुन्या खात्यातले प्रोफाइल आपोआप जात नाही, तिथेही राहते. म्हणून नवे खाते नीट चालते आहे अशी खात्री झाल्यावरच ते काढावे.

मग आजींच्या टीव्हीवरून जुने खाते साइन आउट करून नवे साइन इन करावे, आणि "Manage Netflix Household" मधून दांडिया बाजाराचे घर ठरवून घ्यावे. या वेळी दुवा आजोबांच्या मोबाइलवर येईल. हे एकदा मुलगा समोर बसलेला असताना आजोबांच्या हातून करून घेतलेले बरे, म्हणजे पुढे ब्रॉडबँड बदलले तरी ते स्वतः करू शकतील. मांजलपूरच्या टीव्हीवरूनही एकदा घर पक्के करावे, कारण आधीच्या ओढाताणीत ते कुठे राहिले आहे हे सांगता येत नाही.

सर्वांत शेवटी मुलाने आपला प्रीमियम प्लॅन उतरवावा. उतरवलेला प्लॅन पुढच्या बिलाच्या तारखेपासून लागू होतो, तोपर्यंत भरलेल्या पैशांचा प्लॅन चालू राहतो. म्हणून बिलाच्या तारखेच्या आठवडाभर आधी हे सगळे काम काढले तर दुहेरी खर्च कमी होतो.

मोबाइल रिचार्ज किंवा ब्रॉडबँडबरोबर नेटफ्लिक्स मिळत असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. तिथे कोणता प्लॅन मिळाला आहे ते खात्यात तपासा. तो मोबाइल प्लॅन असेल तर टीव्हीवर न चालण्याचे कारण घर नसून प्लॅन आहे.

अ‍ॅमेझॉन प्राइमचा नियम वेगळा

प्राइममध्ये घराऐवजी उपकरणांची संख्या मोजली जाते. जानेवारी २०२५ पासून भारतात एका सदस्यत्वावर पाच उपकरणे आणि त्यांत जास्तीत जास्त दोन टीव्ही, अशी मर्यादा आहे. त्यामुळे दोन घरांतले दोन टीव्ही इथे बसू शकतात, पण तिसरा टीव्ही बसत नाही.

इथे घोटाळा होतो तो जुन्या उपकरणांचा. दिवाळीत नवा टीव्ही घेतला, जुना एक्स्चेंजमध्ये दिला, पण त्यावरून साइन आउट केले नाही. तो टीव्ही घरात नसला तरी खात्याच्या यादीत असू शकतो आणि नव्याची जागा अडवतो. प्राइम व्हिडिओच्या सेटिंग्जमध्ये "Your Devices" उघडा. यादीत ओळखीचे नसलेले किंवा आता घरात नसलेले उपकरण दिसले तर "Deregister" करून काढा. मग नव्या टीव्हीवर पुन्हा साइन इन करा. जुना टीव्ही कोणालाही देण्याआधी सगळ्या अ‍ॅपमधून साइन आउट करणे, आणि शेवटी टीव्ही फॅक्टरी रीसेट करणे, ही सवय ठेवलेली चांगली. कारण त्या खात्याला खरेदीचे कार्डही जोडलेले असते.

टीव्हीजवळ ठेवायची चिठ्ठी

घरातल्या ज्येष्ठांसाठी एक छोटी चिठ्ठी लिहून टीव्हीच्या कपाटात ठेवावी. खाते कोणाच्या ईमेलवर आहे, कोड कोणाच्या मोबाइलवर येतो, प्लॅन कोणता आणि पडदे किती, टीव्ही कोणत्या वायफायवर हवा, आणि बिलाची तारीख काय, एवढ्या पाच ओळी पुरतात. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नये. खाली मोठ्या अक्षरात एक सूचना लिहावी: घरच्या टीव्हीवर असाल तर घर ठरवायचे, पाहुणे म्हणून गेला असाल तर तात्पुरता कोड मागायचा.